टीव्हीवरचं अ‍ॅप कोणाच्या उत्तरासाठी थांबलंय, ते पाय-होलच्या नोंदींतून शोधताना

प्रश्न: रास्पबेरी पायवर पाय-होल हा जाहिराती अडवणारा डीएनएस लावून दोन आठवडे झाले. फोन आणि लॅपटॉप मस्त चालतात, पण अँड्रॉइड टीव्हीवरचं एक स्ट्रीमिंग अ‍ॅप बिघडलंय. डावीकडचा मेनू येतो, पोस्टरच्या ओळी मात्र रिकाम्या. कधी पोस्टर आलेच तर एपिसोड लावल्यावर नुसतं गोल फिरत राहतं. पाय-होल बंद केलं की चालतं, पण कधी कधी बंद करूनही चालत नाही. नेटवर मिळालेली सर्व्हरची पस्तीस नावं परवानगीच्या यादीत टाकली, उपयोग शून्य. नेमकं कोणतं नाव मोकळं करू?

उत्तर:

ते नाव इथे बसून मला सांगता येणार नाही, आणि कोणी छातीठोकपणे सांगितलं तरी लगेच विश्वास ठेवू नका. अ‍ॅपची आवृत्ती, टीव्हीचं मॉडेल, तुमचा प्लॅन जाहिरातींसह आहे की जाहिरातींविना, आणि तुम्ही पाय-होलमध्ये अडवायच्या नावांच्या कोणत्या याद्या जोडल्यात, या सगळ्यावर ते अवलंबून आहे. पण ते नाव शोधायची एक रीत आहे. गेली दहा-बारा वर्षं मी लोकांच्या घरची नेटवर्क लावून देतो आणि हा बिघाड मी दर महिन्याला एकदा तरी बघतो. पहिल्यांदा करताना अर्धा तास जाईल, नंतर दहा मिनिटांत उरकेल.

आधी ती पस्तीस नावं परवानगीच्या यादीतून काढून टाका. त्यातली बहुतेक दुसऱ्याच कोणाच्या टीव्हीसाठी आणि दुसऱ्याच देशातल्या अ‍ॅपसाठी लिहिलेली असतात. ती राहिली तर पुढे काही सुरू झालं तरी कशामुळे झालं ते कळणार नाही.

अ‍ॅप सुरू होताना डझनभर नावं अडतातच. त्यातली बहुतेक अडली तरी अ‍ॅपला काही फरक पडत नाही. त्यामुळे शोधायचं आहे ते असं एकच नाव, ज्याचं उत्तर आल्याशिवाय अ‍ॅप पुढचं पाऊल टाकत नाही. नोंदींमध्ये दोन्ही प्रकारची नावं सारखीच लाल दिसतात, म्हणून लोक गोंधळतात.

असं का होतं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढची सगळी रीत त्यावर उभी आहे. डीएनएसचं काम नावाचा पत्ता सांगायचं, म्हणून पाय-होलला फक्त नाव दिसतं. टीव्ही विचारतो, "या नावाचा पत्ता काय?" ते नाव यादीत असेल तर पाय-होल `0.0.0.0` असं उत्तर देतं, म्हणजे कुठेच न जाणारा पत्ता. त्या नावाकडे अ‍ॅप कशासाठी जात होतं, हे पाय-होलला कळायची सोयच नाही. एकाच सर्व्हरवरून अ‍ॅप वापराची मोजणीही पाठवत असेल आणि तिथूनच स्वतःची सेटिंगही आणत असेल, तर नाव अडल्यावर दोन्ही बंद पडतात.

आता अ‍ॅप उघडल्यावर काय घडतं ते बघा. ढोबळमानाने आधी तुमचं लॉगिन तपासलं जातं. मग अ‍ॅप आपल्या सेटिंग मागवतं: या टीव्हीवर कोणता मेनू दाखवायचा, कोणत्या सोयी चालू ठेवायच्या, कोणत्या बंद. मग पोस्टरच्या ओळींची यादी येते, आणि सगळ्यात शेवटी पोस्टरची चित्रं, जी बहुधा वेगळ्याच नावावरून येतात. यातली सेटिंगची पायरी बऱ्याच अ‍ॅपमध्ये बाहेरच्या सेवेकडे सोपवलेली असते. त्या सेवा मोजणीचंही काम करतात, म्हणून कडक याद्यांमध्ये त्यांची नावं सापडतात. ती पायरी अडली की पुढच्या दोन पायऱ्या होतच नाहीत. मेनूचा सांगाडा अ‍ॅपच्या आतच साठवलेला असतो, म्हणून तो दिसतो. पोस्टर बाहेरून यायचे असतात, म्हणून त्यांच्या जागा रिकाम्या राहतात. तुमच्या वर्णनावरून मला पहिला संशय याच पायरीचा येतो.

व्हिडिओ न चालणं हा बहुतेक वेळा वेगळा बिघाड असतो आणि त्याचं कारणही वेगळं नाव असतं. दोन्ही एकदम सोडवायला जाऊ नका. आधी पोस्टर, मग व्हिडिओ.

आता तुमच्या "कधी कधी बंद करूनही चालत नाही" या वाक्याकडे येतो. याची दोन कारणं असू शकतात आणि शोधाला लागण्यापूर्वी दोन्ही निस्तरायला हवीत, नाहीतर प्रत्येक चाचणी तुम्हाला चुकीचं उत्तर देईल.

पहिलं कारण अ‍ॅपच्या स्मरणशक्तीचं. पाय-होल अडवलेल्या नावाचं उत्तर फक्त 2 सेकंद लक्षात ठेवायला सांगतं, त्यामुळे पाय-होल बंद केल्यावर जुनं उत्तर फार काळ टिकायला नको. पण अ‍ॅप स्वतःच "सेटिंग मिळाल्या नाहीत" ही गोष्ट धरून बसतं. रिमोटचं होम बटण दाबलं म्हणजे अ‍ॅप बंद होत नाही, ते मागे तसंच अडकलेलं राहतं. म्हणून प्रत्येक चाचणीआधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये `Apps` मध्ये जा, ते अ‍ॅप निवडा, आधी `Force stop` आणि मग `Clear cache` करा. `Clear data` करू नका. त्याने लॉगिन जातं, आणि रिमोटने पासवर्ड टाइप करण्यात तुमची संध्याकाळ जाईल.

दुसरं कारण म्हणजे टीव्ही प्रत्येक वेळी पाय-होललाच विचारतोय याची खात्री नसणं. पुष्कळ जण राउटरमध्ये पहिला डीएनएस म्हणून पाय-होलचा पत्ता देतात आणि "असू दे अडीनडीला" म्हणून दुसरा गूगलचा `8.8.8.8` देतात. दुसरा पत्ता पहिला बंद पडल्यावरच वापरला जाईल, अशी हमी कोणतंच उपकरण देत नाही. काही टीव्ही दोघांना आलटून पालटून विचारतात. मग एकाच नावाला एकदा खरा पत्ता मिळतो, एकदा `0.0.0.0`, आणि बिघाड लहरी वाटायला लागतो. आयपीव्ही-6 मध्येही हेच होतं. आपल्याकडच्या बऱ्याच फायबर जोडण्यांवर आयपीव्ही-6 चालू असतं, आणि राउटर त्या मार्गाने टीव्हीला स्वतःचाच डीएनएस कळवत राहतो. आयपीव्ही-4 मध्ये तुम्ही काहीही भरलंत तरी ही दुसरी वाट उघडीच राहते. म्हणून राउटरमधला दुसरा पत्ता काढा. आयपीव्ही-6 चा डीएनएस बदलता येत असेल तर तिथे पाय-होलचा आयपीव्ही-6 पत्ता द्या, बदलता येत नसेल तर शोध संपेपर्यंत आयपीव्ही-6 बंद ठेवा. मग टीव्ही एकदा बंद-चालू करा.

एवढं झालं की खरं काम सुरू. रीत कोरडी वाटू नये म्हणून गेल्या वर्षी कोथरूडमधल्या एका घरात केलेलं काम जसंच्या तसं सांगतो. त्यांचं लक्षण तुमच्यासारखंच होतं. अ‍ॅपचं नाव सांगत नाही आणि सर्व्हरची नावंही बदलून देतो, कारण मुद्दा नावांचा नाही, क्रमाचा आहे. टीव्हीचा पत्ता `192.168.1.40` होता आणि तो राउटरमध्ये कायमचा बांधून घेतला होता. तुम्हीही तसा बांधून घ्या.

मी आधी चालणाऱ्या स्थितीची नोंद घेतली. बहुतेक जण नेमकी हीच पायरी गाळतात आणि थेट लाल ओळींच्या मागे लागतात. पाय-होल पाच मिनिटांसाठी बंद केलं तरी ते फक्त अडवणं थांबवतं, नोंदी ठेवणं चालूच राहतं. म्हणजे अ‍ॅप निरोगी असताना कोणाकोणाला आणि कोणत्या क्रमाने हाक मारतं, ते आयतं लिहून मिळतं.

```
sudo pihole disable 5m
```

अ‍ॅप `Force stop` केलं, घड्याळ बघितलं, 7 वाजून 42 मिनिटांनी अ‍ॅप उघडलं. सहा-सात सेकंदांत पोस्टर आले. मग पाय-होलच्या वेबपानावर `Query Log` उघडून फक्त टीव्हीच्या पत्त्याच्या आणि त्याच मिनिटाच्या ओळी काढल्या. पाच मिनिटं संपून अडवणं परत सुरू झाल्यावर पुन्हा `Force stop`, आणि 7 वाजून 50 मिनिटांनी तेच अ‍ॅप पुन्हा उघडलं. या वेळी ओळी रिकाम्या. पूर्ण एक मिनिट काहीही न दाबता वाट बघितली आणि त्याही मिनिटाच्या नोंदी काढल्या.

कमांड लाइनवर `pihole tail` वापरून फक्त टीव्हीच्या पत्त्याच्या ओळी निवडायचा मोह होतो. पण त्या नोंदींत पत्ता फक्त विचारणा झालेल्या ओळीत असतो, अडवल्याच्या ओळीत नसतो. पत्त्यावरून निवडलंत तर नेमक्या हव्या त्या ओळी गळून जातात. त्यामुळे या कामाला वेबपानच बरं.

बिघडलेल्या मिनिटात साठच्या वर लाल ओळी होत्या, पण वेगवेगळी नावं नऊच. एकच नाव दोनदा दिसलं तर बिचकू नका. टीव्ही आयपीव्ही-4 साठी `A` आणि आयपीव्ही-6 साठी `AAAA` अशी वेगवेगळी विचारणा करतो.

त्या नऊपैकी एक नाव, त्याला आपण `beacon.example.net` म्हणू, चाळिसेक वेळा आलं होतं. दर दोन-तीन सेकंदांनी तेच. घरातल्या मुलाने आधीच ते हेरून मोकळं करून बघितलं होतं, आणि तरी काही बदललं नाही म्हणून परत अडवलं होतं. पहिल्यांदा बघणाऱ्या कोणाचंही बोट तिथेच जाईल, आणि बहुतेक वेळा ते चुकीचं असतं. जे नाव सतत परत येतं ते पार्श्वभूमीला चाललेल्या मोजणीचं असतं. अ‍ॅपचा तो भाग पाठवू बघतो, जमत नाही, थोडं थांबून पुन्हा पाठवतो. बाकीचं अ‍ॅप त्याच्यासाठी थांबलेलं नसतं. अ‍ॅप ज्यावर खरोखर अडतं, ते नाव एकदा-दोनदाच विचारलं जातं आणि पुढे शांतता पसरते.

ती शांतता लाल ओळींकडे बघून दिसत नाही. दोन्ही नोंदी शेजारी ठेवाव्या लागतात. मी कागदावर दोन रकाने केले. चालणाऱ्या नोंदीत क्रम असा होता:

```
login.example.com
flags.example.net
rows.example.com
img.example.com
```

बिघडलेल्या नोंदीत `login.example.com` होतं, `flags.example.net` लाल होतं, आणि `rows` व `img` ही दोन नावं पूर्ण मिनिटात एकदाही आली नव्हती. ती अडवलेली नव्हती, अ‍ॅपने ती विचारलीच नव्हती. चालणाऱ्या नोंदीत `flags` नंतर सेकंदभरात `rows` ची विचारणा होती. म्हणजे अ‍ॅप `flags` पाशी उभं राहिलं होतं. जे नाव यायला हवं होतं आणि आलं नाही ते आधी शोधायचं, मग त्याच्या लगेच वरचं लाल नाव बघायचं. बाकीची आठ लाल नावं चालणाऱ्या नोंदीत इकडेतिकडे विखुरलेली होती आणि त्यांच्या मागे-पुढे काही तुटत नव्हतं.

मग फक्त तेच एक नाव मोकळं केलं:

```
sudo pihole allow flags.example.net
```

हे आवृत्ती 6 साठी. तुमच्याकडे आवृत्ती 5 असेल तर `pihole -w` वापरा. `Force stop`, पुन्हा अ‍ॅप, आणि पोस्टर आले. पण इथे थांबू नका, उलटी चाचणीही करा. ते नाव परत काढून टाका आणि पोस्टर पुन्हा जातात का बघा. गेले, तरच कारण खरं. मी हे प्रत्येक वेळी करतो, कारण योगायोगाने सुरू झालेलं अ‍ॅप दोन दिवसांनी पुन्हा बंद पडतं आणि मग लोकांचा सगळ्या रीतीवरूनच विश्वास उडतो.

दोन नोंदींची तुलना करूनही एक नाव ठरलं नाही, दोन-तीन संशयित उरले, तर ते सगळे मोकळे करा. पोस्टर आले की एकेक करून परत अडवा. जे अडवल्यावर पोस्टर जातील ते मोकळं ठेवा, बाकीची अडलेलीच राहू द्या.

पोस्टर यायला लागल्यावर त्या घरात दुसरा बिघाड उघडा पडला: काही एपिसोड लावले की गोल फिरत राहायचं. इथे आधी एक वाटणी करून घ्या. व्हिडिओ अजिबात सुरू होत नाही, की सुरू होतो पण अडखळतो आणि धूसर दिसतो?

अडखळत असेल तर कारण बहुतेक अडवलेल्या नावात नसतं, पाय-होल स्वतः पुढे कोणाला विचारतं त्यात असतं. व्हिडिओ साठवणाऱ्या काही जाळ्या तुम्हाला जवळचा सर्व्हर देताना डीएनएस कुठून विचारतोय ते बघतात. तुमच्या इंटरनेट कंपनीचा डीएनएस विचारत होता तेव्हा कदाचित त्यांच्याच जाळ्यातला सर्व्हर मिळत होता. क्लाउडफ्लेअरचा `1.1.1.1` हा डीएनएस तुमच्या जोडणीचा ठावठिकाणा पुढे कळवत नाही, त्यामुळे कधी लांबचा सर्व्हर वाट्याला येतो. पडताळणी सोपी आहे. पाय-होलच्या डीएनएस सेटिंगमध्ये एका संध्याकाळपुरता इंटरनेट कंपनीचा डीएनएस द्या. सुधारलं तर ठरलं, नाही सुधारलं तर वायफायकडे बघा.

व्हिडिओ सुरूच होत नसेल तर संशय जाहिरात जिथे यायची त्या जागेवर घ्या. जाहिरात व्हिडिओत दोन प्रकारे येते, आणि तुमच्याकडे कोणता प्रकार आहे त्यावर तुम्हाला किती मिळू शकतं ते ठरतं.

पहिल्या प्रकारात जाहिरात टीव्हीवरचा प्लेअर स्वतः मागवतो. त्यासाठी तो एक तयार कोड उतरवतो. गूगलचा असा कोड `imasdk.googleapis.com` वरून येतो आणि जाहिरात `pubads.g.doubleclick.net` सारख्या नावाकडे मागितली जाते. जाहिरात मिळाली नाही तर तो कोड प्लेअरला चूक झाल्याचं कळवतो. तेव्हा मूळ कार्यक्रम सुरू करायचा, ही जबाबदारी अ‍ॅप लिहिणाऱ्यांची असते. पण तुमच्या यादीने तो कोडच अडवला असेल, तर चूक कळवणाराच उरत नाही, आणि प्लेअर न येणाऱ्या निरोपाची वाट बघत गोल फिरवत राहतो. कोथरूडला नेमकं हेच होतं. `imasdk.googleapis.com` मोकळं केलं, जाहिरात देणारं नाव अडलेलंच ठेवलं. कोड उतरला, जाहिरात मागितली गेली, मिळाली नाही, चूक कळली आणि एपिसोड सुरू झाला. हे प्रत्येक अ‍ॅपमध्ये होईलच असं नाही. काही अ‍ॅप चूक कळल्यावरही पुढे जात नाहीत. तिथे जाहिरातीचं नावही मोकळं करावं लागतं.

दुसऱ्या प्रकारात जाहिरात सर्व्हरवरच कार्यक्रमात शिवली जाते. टीव्हीपर्यंत येतो तो एकसंध प्रवाह. गूगलच्या अशा सेवेचं नाव `dai.google.com`. इथे कार्यक्रमाच्या तुकड्यांची यादीच त्या नावावरून येते. ते अडवलं तर जाहिरातीसोबत कार्यक्रमही जातो. थेट सामन्यांसारख्या प्रक्षेपणात हा प्रकार बऱ्याचदा भेटतो. अशा वेळी दुसरा उपाय शोधण्यात वेळ घालवू नका. डीएनएसच्या पातळीवर यातली जाहिरात वेगळी काढताच येत नाही, कारण वेगळं नावच नाही. नाव मोकळं करा आणि जाहिरात बघा, किंवा जाहिरातींविना प्लॅन घ्या. जाहिरातींसह प्लॅन स्वस्त असतो तो त्या जाहिरातींच्या पैशावर, हेही मनात धरा.

कोणता प्रकार आहे हे ओळखायलाही तीच दोन रकान्यांची रीत वापरा. फक्त घड्याळ अ‍ॅप उघडल्यापासून नाही, एपिसोडवर बटण दाबल्यापासून लावा. निरोगी नोंदीत त्या क्षणी जे नवीन नाव येतं आणि त्यानंतर व्हिडिओच्या सर्व्हरची विचारणा होते, ते नाव बिघडलेल्या नोंदीत लाल आहे का बघा.

एक गोष्ट अशी आहे की ती लक्षात आली नाही तर वरचं सगळं बरोबर करूनही डोकं फिरतं. पाय-होल एका उपकरणाला एका मिनिटात 1000 विचारणांचीच मुभा देतं. ही मूळ सेटिंग आहे. त्याहून जास्त झाल्या की पुढच्या विचारणा थोडा वेळ सरळ नाकारल्या जातात, मग नाव चांगलं असो की वाईट. एकट्या टीव्हीची `beacon` सारखी धडपड सहसा हजारापर्यंत जात नाही. पण तुमच्या घरात सगळी उपकरणं राउटरला विचारत असतील आणि राउटर पाय-होलला, तर पाय-होलच्या लेखी घरात एकच उपकरण आहे: राउटर. टीव्ही, चार फोन, लॅपटॉप आणि कॅमेरा या सगळ्यांची बेरीज हजार पार करायला वेळ लागत नाही. मग संध्याकाळी सगळे घरी असताना अ‍ॅप बिघडतं आणि दुपारी नीट चालतं. ओळखायचं कसं? नोंदींमध्ये टीव्हीचा पत्ता कुठेच नाही, सगळीकडे राउटरचाच दिसतो, आणि पाय-होलच्या निदानाच्या पानावर मर्यादा ओलांडल्याचा निरोप असतो. मर्यादा वाढवण्याऐवजी राउटरच्या डीएचसीपी सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून पाय-होलचा पत्ता द्या, म्हणजे प्रत्येक उपकरण थेट विचारेल. त्याशिवाय वरची दोन रकान्यांची तुलनाही करता येणार नाही, कारण टीव्हीच्या ओळी वेगळ्या काढताच येणार नाहीत.

आता कायमची व्यवस्था. माझं मत असं की टीव्हीला घरातल्या सगळ्यात कडक याद्या लावू नयेत. फोनच्या ब्राउझरमध्ये एखादं पान मोडलं तर आपण दुसरं उघडतो. टीव्ही मोडला तर घरातल्या आजी रात्री आठची मालिका बघू शकत नाहीत, आणि त्यांना `Query Log` शी काही देणंघेणं नसतं. आवृत्ती 5 पासून पाय-होलमध्ये गट करता येतात. टीव्हीसाठी वेगळा गट करा, टीव्हीला `Default` मधून काढून त्या गटात टाका, आणि त्या गटाला फक्त पाय-होलसोबत सुरुवातीलाच येणारी मूळ यादी जोडा. कडक याद्या बाकीच्या घरासाठी `Default` मध्ये राहू द्या. कोथरूडच्या घरात हे केल्यावर `flags` चं नाव मोकळं करायची गरजच उरली नाही. ते मूळ यादीत नव्हतंच, मागाहून जोडलेल्या एका कडक यादीत होतं. तुमचं नाव कोणत्या यादीमुळे अडतंय ते असं विचारता येतं:

```
pihole query flags.example.net
```

गट करताना एका खड्ड्यात बहुतेक सगळे पडतात. नवीन मोकळं केलेलं नाव आपोआप फक्त `Default` गटाला लागू होतं. टीव्ही `Default` मध्ये नसेल तर परवानगी दिलीत तरी टीव्हीसाठी ते नाव लालच राहतं, आणि माणूस पुन्हा पस्तीस नावांच्या मागे लागतो. म्हणून `Domains` च्या पानावर जाऊन त्या नावापुढे टीव्हीचा गटही निवडा. तिथेच शेरा लिहायची जागा असते. कोणत्या अ‍ॅपसाठी आणि कोणत्या तारखेला मोकळं केलं ते लिहून ठेवा. अ‍ॅप अद्ययावत झाल्यावर त्यातली काही नावं लागेनाशी होतात, तेव्हा हा शेरा उपयोगी पडतो.

काही जण सुचवतील की अ‍ॅप बनवणाऱ्या कंपनीचं अख्खं मूळ नाव त्याच्या सगळ्या उपनावांसकट मोकळं करून टाका. चाचणीपुरतं ते ठीक आहे. तेवढ्याने अ‍ॅप चाललं तर गुन्हेगार त्यांच्याच नावांत आहे एवढं कळतं, नाही चाललं तर तो बाहेरच्या सेवेत आहे. पण ते तसंच ठेवलंत तर त्यांची स्वतःची मोजणीही मोकळी होते, जी अडवण्यासाठी तुम्ही हे सगळं उभं केलं होतं.

हे करून पाहा, आणि अडलात तर दोन्ही मिनिटांच्या नोंदी इथे टाका, चालणारी आणि बिघडलेली. त्याआधी त्यातून घरातल्या इतर उपकरणांच्या ओळी काढून टाका, कारण कोण कधी कुठली साइट बघतं ते त्यात उघड दिसतं. फक्त लाल ओळी पाठवू नका, हिरव्याही हव्यात. बिघडलेल्या मिनिटात कोणती हिरवी ओळ गायब आहे, ते मी आधी बघणार आहे.